आजार सरळ, विनंती नम्र

राज्य सरकारच्या कार्यालयात रजेचा अर्ज मराठीत चालतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने ती सोय केलेली आहे. पण चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कंपनीत चित्र वेगळं असतं. तिथला विभागप्रमुख अनेकदा तमिळनाडूचा, गुजरातचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो, मनुष्यबळ विभागाचा सगळा कारभार इंग्रजीत चालतो आणि रजेचा अर्जही इंग्रजीतच द्यावा लागतो. एरवी कामापुरतं इंग्रजी सांभाळून नेणारा माणूस इथे अडखळतो. स्वतः आजारी असतो, वेळ थोडा असतो आणि अर्ज ज्यांच्याकडे जाणार ते साहेब कडक म्हणून प्रसिद्ध असतात.

अशा वेळी बहुतेक जण एकच करतात. मनात किंवा कागदावर मराठी अर्ज लिहितात आणि त्याचा शब्दाला शब्द लावून इंग्रजी करतात. त्यात नम्रता कमी पडतेय असं वाटलं, की ‘काइंडली’, ‘रिस्पेक्टेड’, ‘हंबल रिक्वेस्ट’ असे शब्द वाढवतात. अर्ज तरीही खटकतो. कारण मराठीत नम्रता जिथे राहते, तिथे ती इंग्रजीत राहत नाही. हे कसं घडतं ते एका उदाहरणावरून नीट पाहू.

मूळ अर्ज

समजा, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारा एक सहायक आहे. मालाची आवक-जावक नोंदवणं, गाडीतून आलेला माल मोजून घेणं, महिनाअखेरीला साठ्याची मोजणी करणं हे त्याचं काम. रविवारपासून त्याच्या कमरेत आणि पोटात कळा येत आहेत. गुरुवारी सोनोग्राफीत मुतखडा निघाला. खडा मूत्रवाहिनीत अडकलेला असल्यामुळे डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढायचं ठरवलं. मंगळवारी, ९ जूनला शस्त्रक्रिया आणि १५ जूनपर्यंत विश्रांती. आत बसवलेली स्टेंटची नळी साधारण दोन आठवड्यांनी काढायची. शुक्रवारी, ५ जूनला तो असा अर्ज लिहितो :

‘मा. मॅनेजरसाहेब यांस, विषय : रजा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, मला गेल्या पाच दिवसांपासून पोटात व कमरेत खूप त्रास होत आहे. दवाखान्यात दाखवले असता मुतखडा असून ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले आहे. मुले लहान आहेत, घरी करणारे कोणी नाही. तरी आपण मला सात दिवसांची रजा द्यावी व सहकार्य करावे, ही नम्र विनंती. कळावे. आपला विश्वासू.’

मराठी अर्ज म्हणून यात चूक काही नाही. तालुक्याच्या कार्यालयात हा अर्ज कुणालाही उद्धट वाटणार नाही. आता त्याचं शब्दशः इंग्रजी ऐका : ‘सिन्स फाइव्ह डेज देअर इज टू मच ट्रबल इन माय स्टमक अँड वेस्ट. डॉक्टर टोल्ड ऑपरेशन इज नेसेसरी. माय चिल्ड्रन आर स्मॉल. सो यू शुड गिव्ह मी सेव्हन डेज लीव्ह अँड को-ऑपरेट. प्लीज नोट.’

व्याकरणाच्या चुका आहेतच, पण त्या माफ होतात. कारखान्यातल्या साहेबांना रोज असं इंग्रजी वाचायची सवय असते. माफ होत नाहीत ती शेवटची दोन वाक्यं. मूळ अर्जात जी सर्वांत नम्र जागा होती, तीच इंग्रजीत सर्वांत उर्मट झाली आहे.

‘द्यावी’ म्हणजे ‘शुड गिव्ह’ नव्हे

मराठी अर्जाचा सगळा आदर क्रियापदाच्या रूपात असतो. ‘रजा द्यावी’, ‘मंजूर व्हावी’, ‘मिळावी’ या रूपांत इच्छा आहे, विनवणी आहे आणि निर्णय समोरच्याचा आहे हेही आहे. पण हेच रूप कर्तव्य सांगायलाही वापरलं जातं. ‘विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे’ या वाक्यात विनंती नाही, नियम आहे. शाळेत भाषांतर शिकताना आपण ‘यावे’ला ‘शुड कम’ असं पक्कं जोडून ठेवतो. रजेच्या अर्जात तीच जोडणी नकळत हाताशी येते आणि ‘यू शुड गिव्ह मी लीव्ह’ तयार होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात फक्त कर्तव्य दिसतं : मला रजा देणं हे तुमचं काम आहे, ते करा.

त्यापुढे ‘काइंडली’ लावून हे सुधारत नाही. ‘यू शुड काइंडली गिव्ह’ हे वाक्य तेवढंच हुकमी राहतं. वाक्याची बांधणीच बदलावी लागते. इंग्रजीत वरिष्ठाला काही करायला सांगायचं असेल, तर वाक्याचा कर्ता स्वतः व्हायचं : ‘आय रिक्वेस्ट यू टू काइंडली ग्रँट मी लीव्ह’. मी विनंती करतो, मंजुरी तुमची. याहून मऊ वाक्य हवं असेल तर ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड ग्रँट मी लीव्ह’. इथे ‘वुड’ आणि ‘कुड’ हे दोन लहान शब्द मराठी ‘मिळावी’चं काम करतात. निर्णय अजून झालेला नाही आणि तो घेणारे आपण आहात, हे ते सांगतात. पहिलं वाक्य भारतीय कार्यालयांत रुळलेलं आहे, दुसरं जगात कुठेही चालतं. एका अर्जात दोन्ही घालू नयेत. विनंती एकदाच केली की ठसते.

‘सहकार्य करावे’ हा शब्दप्रयोग तर गाळूनच टाकावा. मराठीत ती सौजन्याची रीत आहे. इंग्रजीत वरिष्ठाला ‘को-ऑपरेट’ करायला सांगितलं, की ते अडवणूक करत आहेत असा सूर निघतो. ‘कळावे’चंही तसंच. मराठी पत्रात ते पत्र संपल्याची खूण आहे. त्याचं ‘प्लीज नोट’ केलं की ती वरून खाली दिलेली सूचना होते. साहेब कर्मचाऱ्याला ‘प्लीज नोट’ लिहितात. उलट दिशेने ते जात नाही.

आणखी एक वाक्य अनेकांचा घात करतं : ‘आय ॲम टेकिंग लीव्ह फ्रॉम ट्यूसडे’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘मी रजा घेत आहे’ एवढंच साधं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, निर्णय झालेला आहे आणि मला फक्त कळवलं जात आहे. कडक साहेबाला आजार खटकत नाही, आपला अधिकार बाजूला ठेवलेला खटकतो. रजा मागताना ‘घेतो’ नाही, ‘मंजूर करावी’ हाच सूर हवा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. खासगी कंपनीला ते नियम लागू नाहीत, पण रजा मंजुरीने मिळते हे तत्त्व तिथेही चालतं, आणि अर्जाची भाषा त्यातूनच येते.

आजाराबद्दल नम्र होऊ नये

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. आदर विनंतीच्या वाक्यात ठेवायचा. आजाराच्या वाक्यात ठेवायचा नाही. आपल्याकडे दोन्ही एकत्र होतात. साहेब कडक म्हणून माणूस आजारही दबकत सांगतो : ‘आय हॅव सम लिटल प्रॉब्लेम इन स्टमक’. किंवा दया यावी म्हणून वाढवून सांगतो : ‘आय ॲम इन व्हेरी सीरियस कंडिशन’. पहिल्या वाक्यावर साहेब विचारतात, थोडासाच त्रास आहे तर सात दिवस कशाला? दुसऱ्या वाक्यानंतर प्रमाणपत्रात ‘दुर्बिणीने खडा काढला, प्रकृती स्थिर’ असं दिसलं, की पुढच्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहिलं जातं.

आजार एका वाक्यात, नाव घेऊन, विशेषणाशिवाय सांगावा : ‘आय हॅव बीन डायग्नोज्ड विथ अ किडनी स्टोन’. ‘डायग्नोज्ड’ या शब्दाने हे माझं म्हणणं नाही, तपासणीत निघालं आहे, हे आपोआप येतं. ‘टू मच पेन’ लिहायची गरजच उरत नाही, कारण मुतखड्याची कळ काय असते हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं.

दुसरा उपयोगी शब्द ‘ॲडव्हाइज्ड’. ‘मला विश्रांतीची गरज आहे’ याचं ‘आय नीड रेस्ट’ केलं की तो माझा दावा होतो आणि दाव्यावर वाद घालता येतो. ‘आय हॅव बीन ॲडव्हाइज्ड रेस्ट अनटिल १५ जून’ असं लिहिलं की तो डॉक्टरांचा सल्ला होतो. मराठीत आपण ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणतो, ते याच जागेवर बसतं. फक्त ‘डॉक्टर टोल्ड मी’ असं लिहू नये. ते तोंडी गप्पांचं वाक्य वाटतं. वैद्यकीय प्रमाणपत्रावरही बहुधा ‘ॲडव्हाइज्ड रेस्ट’ हेच शब्द असतात, त्यामुळे अर्ज आणि प्रमाणपत्र एका भाषेत बोलू लागतात.

आपली बोलीतली दुखणी इंग्रजीत नेताना याच कसोटीने पाहावं. ‘अंगात कणकण आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ फीव्हर’, एक-दोन दिवसांसाठी तेवढं पुरतं. ‘कमरेत उसण भरली’ म्हणजे ‘अक्यूट बॅक पेन’. ‘सलाईन लावलं’ हे ‘आय वॉज ट्रीटेड विथ इन्ट्राव्हीनस फ्लुइड्स’ असं होतं, पण बहुतेक वेळा ते गाळून ‘आय वॉज ॲडमिटेड’ एवढंच पुरे. ‘अशक्तपणा आहे’ हे मात्र जपून. मराठीत टायफॉइडनंतरचा अशक्तपणा ऐकून कुणीही मान डोलावतं. इंग्रजीत ‘आय ॲम फीलिंग वीक’ हे रजेचं कारण म्हणून फार फिकं पडतं. तिथे आजाराचं नाव पुढे आणावं : ‘आय ॲम रिकव्हरिंग फ्रॉम टायफॉइड’. आणि ‘पाच दिवसांपासून’चं ‘सिन्स फाइव्ह डेज’ होत नाही. ‘फॉर द पास्ट फाइव्ह डेज’ किंवा ‘सिन्स संडे’.

नाव घेऊन सांगावं म्हटलं, पण सगळंच सांगायला हवं असं नाही. मानसिक आजार, स्त्रियांची शस्त्रक्रिया, गर्भपात, मूळव्याध अशी कारणं साहेबांच्या टेबलावरून चार हातांत फिरू नयेत असं कुणालाही वाटेल. तिथे ‘आय हॅव टू अंडरगो अ मेडिकल प्रोसीजर’ किंवा ‘आय ॲम अंडर मेडिकल ट्रीटमेंट’ एवढंच लिहावं आणि प्रमाणपत्र बंद पाकिटात थेट मनुष्यबळ विभागाकडे द्यावं. अर्जात एक वाक्य घालावं : ‘द मेडिकल सर्टिफिकेट हॅज बीन सबमिटेड टू द एचआर डिपार्टमेंट’. हे वाक्य लपवाछपवी करत नाही आणि खासगीपणही राखतं.

घरची परिस्थिती? ‘मुले लहान आहेत, करणारे कोणी नाही’ हे मराठी अर्जात माणुसकीला केलेलं आवाहन असतं आणि ते खरंही असतं. पण या अर्जात रजा स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. घरची गोष्ट तिथे कारणाला बळ देत नाही, उलट मूळ कारण पुरेसं नाही की काय अशी शंका निर्माण करते. मूल आजारी असेल किंवा आईच्या ऑपरेशनसाठी रजा हवी असेल, तेव्हा घरची गोष्ट हेच कारण असतं आणि तेव्हा ती पहिल्या ओळीत यावी.

साहेबांना काय वाचायचं असतं

कडक साहेब रजेच्या अर्जात चार गोष्टी शोधतात. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कशासाठी आणि पुरावा काय, परत कधी येणार, आणि तोवर काम कोण पाहणार. मूळ मराठी अर्जात यातली फक्त दुसरी गोष्ट अर्धीमुर्धी आहे. ‘सात दिवस’ लिहिलं, पण कुठले सात? १४ जूनला रविवार आहे, तो धरून की सोडून? म्हणून दिवसांच्या आकड्याऐवजी तारखा लिहाव्यात आणि पुढे ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ जोडावं, म्हणजे दोन्ही दिवस धरून. साप्ताहिक सुट्टी मोजायची की नाही ते मग कंपनी तिच्या नियमाने ठरवेल.

परतण्याची तारीख ही आदराची मोठी खूण आहे, कारण तिच्यामुळे साहेबांना नियोजन करता येतं. पण तिथे वचन देऊन अडकू नये. ‘आय विल डेफिनिटली जॉइन ऑन १६ जून’ असं लिहून ताप आला तर दुसरा अर्ज लिहिताना मान खाली जाते. ‘आय एक्स्पेक्ट टू रिझ्यूम ड्यूटी ऑन १६ जून, सब्जेक्ट टू द डॉक्टर्स ॲडव्हाइस’ हे प्रामाणिक आहे. ‘रिझ्यूम ड्यूटी’ हे कामावर रुजू होण्यासाठी कार्यालयांत रुळलेले शब्द आहेत.

कामाच्या सोयीबद्दल लिहिताना एक नाजूक गोष्ट सांभाळावी लागते. ‘माझं काम अमुक बघेल’ असं ठरवून टाकलं, तर साहेबांच्या अधिकाराचं वाटप आपणच केल्यासारखं होतं. ‘विथ युअर परमिशन’ या तीन शब्दांनी तेच वाक्य सुचवणी होतं. स्टोअरच्या माणसाने आवकनोंदी गुरुवारपर्यंत पूर्ण केल्या असतील आणि दुसऱ्या पाळीतला सहकारी तयार असेल, तर ते दोन वाक्यांत यावं. जून महिन्याची साठामोजणी ३० तारखेला आहे आणि तोवर आपण परतलेले असू, हेही एका वाक्यात यावं. साहेबांच्या डोक्यात सर्वांत आधी तीच काळजी येणार असते.

स्टेंट काढायला दोन आठवड्यांनी पुन्हा रुग्णालयात जावं लागणार आहे. ते लपवून नंतर अचानक सांगितलं, तर पहिला अर्ज अर्धवट होता असं दिसतं. पण एका अर्जात दोन रजा मागितल्या तर निर्णय दोन्हींचा रखडतो. म्हणून ते माहितीसाठी कळवावं आणि तारीख पक्की झाल्यावर वेगळा अर्ज द्यावा. जड वस्तू उचलू नका असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर हलकं काम मिळावं ही विनंतीही परतताना, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, स्वतंत्र करावी.

तयार अर्ज

हे सगळं धरून अर्ज असा होतो :

‘सब्जेक्ट : रिक्वेस्ट फॉर मेडिकल लीव्ह फ्रॉम ९ जून टू १५ जून.

रिस्पेक्टेड सर,

आय हॅव बीन डायग्नोज्ड विथ अ किडनी स्टोन अँड हॅव बीन ॲडव्हाइज्ड टू अंडरगो अ सर्जिकल प्रोसीजर ऑन ट्यूसडे, ९ जून, फॉलोड बाय रेस्ट अनटिल १५ जून. द डॉक्टर्स सर्टिफिकेट इज अटॅच्ड.

आय देअरफोर रिक्वेस्ट यू टू काइंडली ग्रँट मी लीव्ह फ्रॉम ९ जून टू १५ जून, बोथ डेज इन्क्लुझिव्ह. आय एक्स्पेक्ट टू रिझ्यूम ड्यूटी ऑन ट्यूसडे, १६ जून, सब्जेक्ट टू द डॉक्टर्स ॲडव्हाइस.

ऑल इनवर्ड एन्ट्रीज अप टू ४ जून आर कम्प्लीट. विथ युअर परमिशन, माय कलीग इन द सेकंड शिफ्ट विल हँडल द एन्ट्रीज ड्युरिंग माय ॲबसेन्स. आय विल बी अव्हेलेबल फॉर द स्टॉक काउंट ऑन ३० जून. अ शॉर्ट फॉलो-अप प्रोसीजर विल बी नीडेड लेटर इन जून, फॉर विच आय विल ॲप्लाय सेपरेटली.

थँक यू फॉर युअर कन्सिडरेशन.

युअर्स फेथफुली,’ आणि खाली नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग.

यात ‘काइंडली’ एकदाच आहे आणि ‘सर’ही एकदाच. ‘आय बेग टू स्टेट’, ‘मोस्ट हंबली’, ‘युअर ओबीडिएंट सर्व्हंट’ यांपैकी काहीही नाही. हे शब्द ब्रिटिश अमलातल्या कचेऱ्यांमधून आपल्या अर्जांत आले. आजच्या साहेबांना ते आदराचे वाटत नाहीत, पाठ केलेले वाटतात. ‘रिस्पेक्टेड सर’ भारतीय कंपनीत सहज चालतं. साहेब परदेशी असतील तर ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे आडनाव असं लिहावं आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘युअर्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालायची नाही.

आधी सांगता आलं नाही तर

मुतखड्याची कळ रात्री दोनला येते तेव्हा अर्ज लिहायला कुणी बसत नाही. तेव्हा फोनवरून दोन ओळींचा निरोप पाठवावा : रुग्णालयात दाखल आहे, आज येता येणार नाही, अर्ज आणि कागदपत्रं पाठवतो. इंग्रजीत, ‘सर, आय हॅव बीन ॲडमिटेड टू हॉस्पिटल अँड विल नॉट बी एबल टू रिपोर्ट फॉर ड्यूटी टुडे. आय विल सबमिट द ॲप्लिकेशन अँड डॉक्युमेंट्स ॲज सून ॲज पॉसिबल’. इथेही ‘विल नॉट कम’ नको, ‘विल नॉट बी एबल टू’ हवं. ‘येणार नाही’ आणि ‘येता येणार नाही’ यांत मराठीत जो फरक आहे, तोच हा.

निरोप म्हणजे अर्ज नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. परवानगीशिवाय सलग बरेच दिवस गैरहजर राहणं अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन ठरतं. तेव्हा उठून बसता आलं की लेखी अर्ज द्यावा आणि तो रजा मागणारा नसून गैरहजेरी नियमित करण्याची विनंती करणारा असावा : ‘आय रिक्वेस्ट यू टू काइंडली रेग्युलराइज माय ॲबसेन्स’ आणि पुढे तारखा. या अर्जात दिलगिरीला जागा आहे, पण ती आधी कळवता आलं नाही याबद्दल : ‘आय रिग्रेट दॅट आय कुड नॉट सीक प्रायर परमिशन’. आजारी पडल्याबद्दल माफी मागू नये.

अर्ज कुठे अडकतो

भाषा चांगली असूनही अर्ज परत येतो, तेव्हा बहुधा तारखा जुळत नसतात. अर्जात १५ जून, प्रमाणपत्रात १४ जून आणि रजेच्या संगणकीय नोंदीत तिसरंच काही. प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, आजाराचं नाव आणि विश्रांतीच्या दोन्ही तारखा आहेत ना, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी पाहावं. अनेक कंपन्या परतताना कामास योग्य असल्याचं वेगळं प्रमाणपत्र मागतात, सरकारी नोकरीत वैद्यकीय रजेनंतर तर ते लागतंच.

ज्यांचं वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा राज्य विमा कापला जातो, त्यांनी खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थांबू नये. राज्य कामगार विमा योजनेत अटी पूर्ण झाल्या की आजारपणाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो, पण त्यासाठी योजनेच्या दवाखान्यातलं प्रमाणपत्र लागतं. ज्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू आहे, तिथे वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आपल्याला नेमकी कोणती रजा हवी आहे, ते ठाऊक असेल तर अर्जात लिहावं. शिल्लक रजा तपासूनच अर्ज द्यावा.

शेवटची अडचण साहेबांच्या उत्तरात असते. ‘नोटेड’ असं उत्तर आलं तर रजा मंजूर झाली असं समजू नये. त्याचा अर्थ वाचलं एवढाच होतो. ‘अप्रूव्ह्ड’ किंवा ‘सँक्शन्ड’ हा शब्द येईपर्यंत मंजुरी नाही. दुसऱ्या दिवशी नम्रपणे विचारावं : ‘सर, मे आय रिक्वेस्ट यू टू कन्फर्म व्हेदर माय लीव्ह हॅज बीन अप्रूव्ह्ड?’ ‘रजा कधी मंजूर करणार’ असं विचारण्यापेक्षा ‘मंजूर झाली आहे का’ असं विचारलं की घाई दिसत नाही आणि उत्तर मात्र लेखी मिळतं. साहेबांनी उलट प्रश्न विचारले तर ते नीट वाचावेत. ‘फ्रॉम व्हेन?’, ‘हू विल हँडल?’ असे प्रश्न आले, तर अर्जात नेमकं काय राहिलं होतं ते त्यांनीच सांगितलेलं असतं.

आजारी माणसाने अर्जात गयावया करावी अशी अपेक्षा कुठल्याही कायद्याची नाही आणि समजूतदार वरिष्ठाचीही नसते. पुढच्या वेळी असा अर्ज लिहाल, किंवा शेजारच्या कुणाला लिहून द्याल, तेव्हा एवढं पाहा : आजाराच्या वाक्यात एकही विशेषण नको, आणि विनंतीच्या वाक्यात निर्णय साहेबांच्या हाती राहायला हवा.